जाहिरातीत 32 हजार, ऑफर साडेपंधराची: पगाराचा ‘सरासरी’ आकडा कसा तपासायचा

हिंगणा एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांची पगारपत्रकं करणं हे माझं काम. त्यातल्या एका फॅब्रिकेशन युनिटच्या मालकांनी एकदा विचारलं, “भाऊ, आपल्याकडं माणशी पगाराचा खर्च किती पडते?” जॉबवर्कचा नवा दर ठरवायचा होता, त्यासाठी त्यांना आकडा हवा होता. मी महिन्याच्या पगाराची बेरीज केली, तिला माणसांच्या संख्येनं भागलं आणि सांगितलं, 32 हजार 300 च्या आसपास. त्या कामासाठी तो आकडा अगदी बरोबर होता.

दोन महिन्यांनी त्यांना माणसं हवी होती. भरतीच्या जाहिरातीत त्यांनी तोच आकडा टाकला: “आमच्याकडे सरासरी पगार 32,000 रुपये.” काटोलकडचा एक आयटीआय झालेला मुलगा सकाळच्या बसनं मुलाखतीला आला. त्याला 15,500 ची ऑफर मिळाली. जाताना माझ्या टेबलाजवळ थांबून तो म्हणाला, “काका, जाहिरातीत त बत्तीस हजार लिवले होते ना. मंग मले साडेपंधरा कायले?”

मालक खोटं बोलले नव्हते आणि माझी बेरीजही चुकली नव्हती. तरी त्या मुलाची फसगत झालीच, आणि ती मला अजून लागते. म्हणून हा लेख. पगाराचा किंवा उत्पन्नाचा ‘सरासरी’ आकडा समोर आला की तो कसा उलगडायचा, हे त्याच युनिटच्या यादीवरून दाखवतो. ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदलले आहेत, पण यादीचा घाट तोच आहे.

आधी यादी मांडा, लहानापासून मोठ्यापर्यंत

युनिटमध्ये तेव्हा 13 जण होते. महिन्याचा पगार, काहीही कापण्याआधीचा, असा:

1. हेल्पर: 14,000
2. हेल्पर: 14,000
3. हेल्पर: 14,500
4. हेल्पर: 15,000
5. पॅकिंग: 15,500
6. वेल्डर: 17,000
7. वेल्डर: 18,000
8. फिटर: 19,000
9. स्टोअरकीपर: 20,000
10. टर्नर: 23,000
11. सुपरवायझर: 30,000
12. प्रॉडक्शन मॅनेजर: 70,000
13. संचालक, म्हणजे मालक स्वतः: 1,50,000

बेरीज 4,20,000. भागिले 13 केलं की 32,308. ही सरासरी. सगळ्यांचे पैसे एका ढिगात ओतले आणि सारखे वाटले, तर प्रत्येकाला किती येतील, एवढंच ती सांगते. प्रत्यक्षात पैसे असे कोणी वाटत नाही.

आता ढीग विसरा. तेराही जणांना पगाराच्या क्रमानं रांगेत उभं करा आणि बरोबर मधल्या माणसाला विचारा, तुझा पगार किती? सातवा माणूस, 18,000. त्याच्या अलीकडे सहा, पलीकडे सहा. याला शाळेच्या पुस्तकात मध्यक म्हणतात. पुस्तकात सरासरीला ‘मध्य’ आणि या मधल्या आकड्याला ‘मध्यक’ म्हटलं आहे. दोन शब्दांत एका अक्षराचा फरक असल्यामुळं घोटाळा ठरलेला, म्हणून मी इथं सरासरी आणि मध्यक हेच शब्द वापरतो. माणसं सम संख्येत असतील तर मधली दोन घ्यायची आणि त्यांच्या पगारांची अर्धी बेरीज करायची. तो आकडा प्रत्यक्षात कोणाचाच पगार नसू शकतो, त्यानं काही बिघडत नाही.

एकाच कारखान्याचे, एकाच महिन्याचे दोन आकडे: 32,308 आणि 18,000. दोन्ही खरे. तेरापैकी अकरा जणांचा पगार ‘सरासरीपेक्षा’ कमी आहे. हे ऐकून लोक चमकतात, कारण बोलताना आपण सरासरी म्हणजे साधारण माणूस असं धरतो. पगाराच्या यादीत तसं बहुधा नसतं. खालच्या बाजूला पगार किती कमी होऊ शकतो याला तळ आहे, शून्याखाली कोणी जात नाही आणि किमान वेतनाचा कायदाही आहे. वरच्या बाजूला छत नाही. त्यामुळं ओढ नेहमी वरच्या टोकाकडून लागते, आणि सरासरी त्या ओढीबरोबर सरकते.

ओढ किती आहे ते मोजून पाहा. संचालकांचं नाव यादीतून काढलं तर उरलेल्या बारा जणांची बेरीज 2,70,000 आणि सरासरी 22,500. एक माणूस काढताच सरासरी जवळपास दहा हजारांनी खाली आली. मध्यक मात्र 18,000 वरून 17,500 वर, फक्त पाचशेनं. मॅनेजरलाही बाजूला केलं तर उरलेल्या अकरा जणांची सरासरी 18,182 आणि मध्यक 17,000. आता दोन आकडे शेजारी शेजारी आले. म्हणजे या युनिटमध्ये खरं तर दोन वेगळे गट आहेत: 14 ते 30 हजारांत काम करणारे अकरा जण, आणि त्यांच्यापासून लांब असलेले दोघं. 30 ते 70 हजारांच्या मध्ये कोणीच नाही. 32,308 हा आकडा त्याच मोकळ्या जागेत पडला होता. तिथं माणूस नव्हता, पण जाहिरात त्याच जागेची होती.

आकडा कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते विचारा

यावरून ‘सरासरी फसवी, मध्यक खरा’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. मला तो पटत नाही. मालकांनी मला पहिल्यांदा विचारलं होतं तेव्हा मी मध्यक दिला असता, तर त्यांचं नुकसान झालं असतं. 18,000 गुणिले 13 म्हणजे 2,34,000. खर्च मात्र 4,20,000. त्या हिशोबानं जॉबवर्कचा दर लावला असता तर दर महिन्याला 1,86,000 रुपये खिशातून गेले असते.

सरासरीला माणसांच्या संख्येनं गुणलं की एकूण रक्कम परत मिळते. मध्यकाला गुणून काहीच मिळत नाही. म्हणून जिथं प्रश्न एकूण पैशाचा आहे, जसं पगाराचा बोजा, सोसायटीचा देखभाल निधी, मंडळाची वर्गणी, तिथं सरासरीच लागते. जिथं प्रश्न ‘माझ्यासारख्याला इथं काय मिळेल’ असा आहे, तिथं मध्यक जवळ नेतो. काटोलच्या मुलाचा प्रश्न दुसरा होता आणि त्याला पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. चूक आकड्यात नव्हती, तो दुसऱ्या प्रश्नाखाली चिकटवण्यात होती.

खरं सांगायचं तर त्या मुलासाठी मध्यकही पुरेसा नव्हता. रांगेचा मधला माणूस हा दहा वर्षं हात बसलेला वेल्डर आहे. नव्यानं येणाऱ्यानं ‘नव्या माणसाला सुरुवातीला काय देता’ हेच विचारायला हवं. सगळ्या युनिटचा कोणताही एक आकडा या प्रश्नाला पुरत नाही.

यादी मिळाली नाही तर

बाहेरच्या माणसाला पगाराची यादी कोणी दाखवत नाही. त्याला मिळतो तो ‘सरासरी 32 हजार’ एवढाच आकडा. पण दोन साधे प्रश्न विचारून बरंच काही उघडता येतं.

पहिला प्रश्न: एकूण माणसं किती आणि सगळ्यात मोठा पगार अंदाजे किती? सरासरी 32,308, माणसं 13, म्हणजे बेरीज 4,20,000. त्यातून मोठा पगार 1,50,000 वजा करा, उरलेल्याला 12 नं भागा. 22,500. आकडा एवढा घसरला तर वरचं टोक जड आहे हे कळलं. घसरला नाही तर सरासरीवर थोडा विश्वास ठेवायला हरकत नाही. मोठ्या पगाराचा नेमका आकडा मिळाला नाही तरी ‘मालकाचा पगार यात धरला आहे का’ एवढं विचारता येतं. लहान युनिटमध्ये सगळा फरक बहुतेक तिथंच असतो. एकट्या मालकीच्या धंद्यात मालक पगार घेत नाही, नफा घेतो, त्यामुळं तो यादीत नसतो. तोच धंदा प्रायव्हेट लिमिटेड झाला की मालक संचालक म्हणून पगारपत्रकावर येतो. कामगारांच्या पगारात एक रुपया न वाढता त्या महिन्यापासून सरासरी उसळी मारते. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडतो, कारण त्यात कोणाचाही पगार विचारावा लागत नाही: इथं किती जणांचं ईएसआय कापतं?

ज्याचा महिन्याचा पगार 21,000 पर्यंत आहे तोच कर्मचारी राज्य विमा योजनेत येतो. 2017 च्या जानेवारीपासून ही मर्यादा 15,000 वरून 21,000 झाली. त्यामुळं ईएसआयची संख्या म्हणजे रांगेत 21,000 च्या खुणेपर्यंत किती माणसं उभी आहेत त्याची मोजणीच. आपल्या युनिटमध्ये ती नऊ आहे. तेरापैकी नऊ म्हणजे निम्म्याहून जास्त, तेव्हा मधला माणूस 21,000 च्या आतच असणार. एकाचाही पगार न विचारता ‘सरासरी 32 हजार’ वाल्या ठिकाणी मध्यक 21 हजारांपुढं नाही, हे हाती आलं. ईएसआयवाले निम्म्याहून कमी निघाले तर मध्यक 21,000 च्या वर आहे.

या युक्तीला मर्यादा आहेत. ही योजना दहा किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्याला लागू होते, चारपाच जणांच्या दुकानात ही मोजणी चालत नाही. दुसरं असं, की एखाद्याचा पगार मधेच 21,000 च्या पुढं गेला तरी चालू सहामाही संपेपर्यंत त्याचं ईएसआय कापत राहतं. या सहामाह्या एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा असतात. म्हणून सप्टेंबरमधल्या मोजणीत मर्यादा ओलांडलेले एकदोघं असू शकतात, ऑक्टोबरमधली मोजणी जास्त स्वच्छ असते. ओव्हरटाइमची रक्कम ही 21,000 ची मर्यादा पाहताना धरत नाहीत. त्यामुळं जिथं ओव्हरटाइम भरपूर आहे तिथं हातात त्याहून जास्त येणारा माणूसही योजनेत दिसेल.

विचारताना पगार कोणता धरला आहे तेही पाहावं लागतं. कापाकापीआधीचा, हातात येणारा, की मालकाचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि बोनस मिळवून वर्षाचा एकत्र सांगितलेला? सरासरी एका मापानं आणि तुमची ऑफर दुसऱ्या मापानं असेल तर तुलनाच होत नाही.

मध्यकही तितकाच फसवू शकतो

पुढच्या वर्षी त्याच युनिटमध्ये एक बदल झाला. चारही हेल्पर ठेकेदाराच्या नावावर गेले. माणसं तीच, गेट तेच, काम तेच, पगारही तेवढाच. फक्त आता त्यांचं नाव आमच्या पगारपत्रकावर नव्हतं, ठेकेदाराच्या होतं.

आमच्या यादीत नऊ जण उरले: 15,500, 17,000, 18,000, 19,000, 20,000, 23,000, 30,000, 70,000 आणि 1,50,000. मधला पाचवा, 20,000. मध्यक एका वर्षात 18,000 वरून 20,000 झाला. कागदावर ‘आमच्या कर्मचाऱ्यांचा मध्यक पगार 11 टक्क्यांनी वाढला’ असं लिहिता येईल आणि त्यात खोटं एक अक्षरही नसेल. त्या वर्षी एकाच्याही पगारात एक रुपया वाढला नव्हता. सरासरीही 40,278 वर गेली होती, तीही त्याच कारणानं.

मध्यकाबद्दल बोलताना लोक म्हणतात की टोकाच्या आकड्यांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. ते खरं आहे, पण रांगेतून कोणाला काढलं याचा परिणाम त्याच्यावर होतोच. खालची चार माणसं गेली की मधला माणूस दोन घरं पुढं सरकतो. म्हणून दोन वर्षांचे मध्यक शेजारी ठेवले असतील तर आधी विचारायचं: दोन्ही वर्षी माणसं किती होती? 13 ची 9 झाली असतील तर ती चार गेली कुठं? गेटवर सकाळी आत जाणारी माणसं मोजली आणि ती पगारपत्रकापेक्षा जास्त निघाली, तर मधला फरक ठेकेदाराकडचा आहे. ईएसआय मोजतानाही हेच लक्षात ठेवायचं, कारण त्या चौघांचं ईएसआय आता ठेकेदाराच्या खात्यातून जातं.

याच्या उलटही घडतं. समजा ते चौघं आमच्याच यादीत राहिले असते आणि मालकांनी प्रत्येकाला अडीच हजारांची वाढ दिली असती. 14,000 वाल्या हेल्परला 16,500 ही मोठी गोष्ट आहे, महिन्याचा किराणा निघतो त्यात. मध्यक किती हलला असता? अजिबात नाही. चौघंही 18,000 च्या अलीकडेच राहतात, मधला माणूस तोच, 18,000. सरासरी मात्र 769 रुपयांनी वाढली असती. म्हणजे इथं कामगाराच्या बाजूची खरी बातमी सरासरीत दिसते आणि मध्यकात लपते. आता संचालकांनी आपला पगार एक लाखानं वाढवला तर? सरासरी 7,692 रुपयांनी वाढते, मध्यक जागचा हलत नाही. हेल्परची वाढ असो की मालकाची, मध्यकाला दोन्ही दिसत नाहीत. सरासरीला दोन्ही दिसतात, पण कोणाची वाढ होती ते तिला सांगता येत नाही.

म्हणून मी आता मालकांना किंवा युनियनच्या लोकांना आकडा देताना चार गोष्टी एकत्र देतो: माणसं किती, सरासरी, मध्यक, आणि रांगेच्या खालच्या पाव भागाचा शेवटचा पगार. तेरा जणांत खालून चौथा माणूस धरला तर तो 15,000 आहे. हेल्परना प्रत्येकी अडीच हजार मिळाले असते तर खालून चौथा आकडा 17,000 झाला असता. जी वाढ मध्यकात दिसली नाही ती इथं दोन हजारांनी दिसते.

स्वतः हिशोब करताना

कंपनीत, सोसायटीत किंवा बचत गटात तुम्हीच हा हिशोब करणार असाल तर एक्सेलमध्ये पगार B रकान्यात टाका आणि खाली हे लिहा:

```
=AVERAGE(B2:B14)
=MEDIAN(B2:B14)
=SMALL(B2:B14,4)
=COUNT(B2:B14)
=COUNTA(B2:B14)
```

शेवटच्या दोन ओळी मी मुद्दाम ठेवतो. `COUNT` फक्त आकडे मोजतो, `COUNTA` भरलेली सगळी घरं मोजतो. दोन्हींचं उत्तर सारखं यायला हवं. आपल्याकडं पगार ‘18,000/-’ असा लिहायची जुनी सवय आहे. तसं टाइप केलं की एक्सेलच्या लेखी तो आकडा उरत नाही, शब्द होतो, आणि सरासरी व मध्यक दोन्ही त्या माणसाला गुपचूप वगळतात. चूक झाल्याची सूचना येत नाही, उत्तर येतं, फक्त बारा जणांचं. `COUNT` 12 आणि `COUNTA` 13 दाखवत असेल तर तो माणूस शोधा.

दुसरी अडचण बिनपगारी रजेची. महिनाभर गावी गेलेल्या वेल्डरचं घर रिकामं सोडलं तर तो मोजलाच जात नाही, शून्य लिहिलं तर शून्य पगाराचा माणूस म्हणून मोजला जातो, सरासरी खाली येते आणि मध्यकही येऊ शकतो. मी अशा वेळी त्याचा पूर्ण महिन्याचा ठरलेला पगार धरतो आणि तसं खाली लिहून ठेवतो. दिवाळीचा महिना तर या कामासाठी घेऊच नये, बोनसमुळं सगळंच फुगलेलं असतं.

वर्तमानपत्रातलं दरडोई उत्पन्न

नागपूर जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न अमुक लाख, अशी बातमी येते तेव्हा लोक मला विचारतात, मग आमच्या घरात तेवढं का नाही? दरडोई उत्पन्न ही सरासरीच आहे, पण आपल्या युनिटच्या सरासरीपेक्षा एक पायरी लांबची. जिल्ह्याच्या हद्दीत वर्षभरात जे उत्पन्न तयार झालं, त्याला लोकसंख्येनं भागतात. त्यात पगार येतात, शेतकऱ्याची आणि दुकानदाराची कमाई येते, आणि कंपन्यांचा नफाही येतो. कोराडी आणि खापरखेड्याचं वीज केंद्र, जिल्ह्यातल्या कोळसा खाणी, बुटीबोरीचे कारखाने, या सगळ्यांत तयार झालेलं मूल्य नागपूरच्या खात्यात मोजलं जातं. त्यातला नफा शेवटी नागपूरकराच्या घरात आला की मुंबई-दिल्लीला गेला, हा वेगळा प्रश्न, तो इथं विचारलेलाच नसतो. आणि खाली भागायला लोकसंख्या घेतात, म्हणजे पाळण्यातलं बाळही त्यात असतं. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 46.5 लाख होती, त्यातले सगळे कमावते नव्हते.

मग सरकार मध्यक का देत नाही? कारण या पद्धतीत तो काढताच येत नाही. सरासरीला फक्त एकूण रक्कम आणि डोकी लागतात. मध्यकाला प्रत्येक माणसाचा, निदान नमुन्यातल्या प्रत्येक घराचा आकडा लागतो, म्हणजे घरोघर जाऊन विचारावं लागतं. जिल्ह्याचं उत्पन्न बेरजेतून काढलेलं असतं, तिथं माणसांची रांगच नाही. म्हणून दरडोई आकड्याचा उपयोग एवढाच: त्याच पद्धतीनं काढलेल्या दुसऱ्या जिल्ह्याशी किंवा मागच्या वर्षाशी तुलना. त्याला घरातल्या चार माणसांनी गुणून ‘आपलं एवढं असायला हवं होतं’ असा ताळा घेऊ नका.

कॉलेजच्या पॅकेजचा आकडा

बारावीच्या निकालानंतर पालक ज्या आकड्यावर लाखो रुपयांची फी भरतात, त्याबद्दल थोडं. माहितीपत्रकावर सरासरी पॅकेज असतं, आणि एकदोन मोठ्या ऑफर ते किती ओढतात हे वर पाहिलंच. सुदैवानं इथं मध्यक मिळू शकतो. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था जी माहिती भरतात, त्यात नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार असतो. त्याच तक्त्यात वेळेत पदवी घेतलेले किती, नोकरी लागलेले किती आणि पुढं शिकायला गेलेले किती हेही असतं. कॉलेजच्या संकेतस्थळावर ‘एनआयआरएफ’ म्हणून शोधलं की तो तक्ता सापडतो.

फक्त मध्यकापाशी थांबू नका, शेजारचा रकाना वाचा. समजा वेळेत पदवी घेतलेले 60, नोकरी लागलेले 24 आणि मध्यक 4 लाख 20 हजार. हा मध्यक 24 जणांचा आहे. त्यातले निम्मे, म्हणजे 12 जण, 4.2 लाख किंवा त्याहून वर आहेत. साठात बारा. पाचात एक. उरलेल्या 36 पैकी काही पुढं शिकायला गेले असतील, तो रकाना वजा करा. बाकीच्यांचा पगार शून्य धरून मध्यक काढत नाहीत, त्यांना रांगेतच उभं करत नाहीत. ठेकेदाराकडं गेलेले चार हेल्पर आठवा, हिशोब तोच आहे.

काटोलच्या त्या मुलानं 15,500 ची नोकरी घेतली नाही, बसभाडं करून परत गेला. त्या आठवड्यात मी मालकांसमोर ती तेरा नावांची यादी ठेवली आणि बोट फिरवत 32 हजारांचा माणूस कुठं आहे ते दाखवा म्हटलं. त्यांनी दोनदा पाहिलं. नंतरच्या जाहिरातीतला मजकूर त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतला: “हेल्पर, सुरुवात 14,000. वेल्डर, अनुभवानुसार 17,000 ते 18,000. फिटर 19,000. पगार कापाकापीआधीचे. पीएफ, ईएसआय लागू.” पहिल्या जाहिरातीला आले होते त्याच्या निम्मे लोक आले. पण मुलाखतीत पगारावरून परत गेलेला एकही नव्हता.